धार काढा, पण दूध घालू नका

दुभत्या जनावरांच्या लसीकरणाचे इंग्रजी वेळापत्रक आठ-दहा ओळींचे असते. रोगाचे नाव, पहिली मात्रा कोणत्या वयात, दुसरी कधी, पुढे किती काळाने, एवढेच. त्याखाली औषधोपचारानंतर दूध किती वेळ वापरू नये याची दोन-तीन वाक्ये असतात. एका दुपारी मराठीत आणता येईल असे हे काम वाटते. पण हा कागद पुढे गोठ्यातल्या भिंतीवर लागतो. तो वाचून घरातले कोणीतरी ठरवते की ही कालवड आज दवाखान्यात न्यायची की पुढच्या महिन्यात, आणि आज संध्याकाळची धार कॅनमध्ये ओतायची की खड्ड्यात. त्या वेळी विचारायला जवळ कोणी नसते. म्हणून मराठी कागदाच्या प्रत्येक ओळीतून तीन गोष्टी कळायला हव्यात: कोणते जनावर, कधीपासून आणि कधीपर्यंत. मूळ तक्ता पशुवैद्यकासाठी लिहिलेला असल्याने त्यात या तिन्ही गोष्टी बऱ्याचदा गृहीत धरलेल्या असतात.

आधी वयाचे पाहू. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या तक्त्यात लाळ-खुरकुताची पहिली मात्रा चार महिने व त्यापुढच्या वयात, दुसरी त्यानंतर एक महिन्याने आणि पुढे दर सहा महिन्यांनी सांगितली आहे. हे मराठीत घाईने उतरवले की ‘चौथ्या महिन्यात पहिली लस’ असे होते. वासराला चौथा महिना लागतो तेव्हा त्याचे तीनच महिने पूर्ण झालेले असतात. हा फरक एका महिन्याचा आहे आणि या वयात तो महत्त्वाचा ठरतो. लसवलेल्या गाईच्या चिकातून वासराला लाळ-खुरकुताविरुद्धची तयार प्रतिकारद्रव्ये मिळालेली असतात. पहिले काही महिने ती वासराला सांभाळतात, पण लसही तीच निकामी करतात. ती ओसरायच्या आत टोचलेली लस अंगी लागत नाही, आणि नोंदवहीत मात्र ‘लस दिली’ असे लिहिले जाते. म्हणून ‘चार महिने पूर्ण झाल्यावर’ असे लिहावे. आणखी सोपे करायचे तर ‘पाचवा महिना लागल्यावर’ म्हणावे. महिना लागणे आणि महिना सरणे हे गावात रोजच्या बोलण्यातले असल्याने त्यात घोटाळा होत नाही.

‘बूस्टर’ हा शब्द आता शेतकऱ्यांच्या तोंडी बसला आहे, तो बदलायची गरज नाही. फक्त तो कशानंतर द्यायचा हे वाक्यात यायला हवे. ‘एक महिन्याने बूस्टर’ एवढेच लिहिले तर कोणी तो महिना जन्मापासून धरतो, कोणी सरकारी मोहिमेच्या तारखेपासून. पहिल्या मात्रेने शरीराला रोगाची ओळख होते आणि दुसरीने ती पक्की होते. पहिली देऊन दुसरी चुकली तर संरक्षण अपुरे आणि थोडेच दिवस टिकणारे राहते. या लसीत मारलेला विषाणू असतो, तो शरीरात वाढत नाही. त्यामुळे दुसऱ्या मात्रेनंतरही तिचा जोर काही महिन्यांत उतरतो. दर सहा महिन्यांची अट त्यासाठीच आहे. ‘सहामाही’ किंवा ‘अर्धवार्षिक’ यापेक्षा ‘दर सहा महिन्यांनी, जनावर आहे तोपर्यंत’ हे लांब असले तरी बिनचूक आहे.

उदाहरण म्हणून १० मार्च २०२५ रोजी जन्मलेली होल्स्टीन संकरित कालवड घेऊ. तिचे चार महिने १० जुलैला पूर्ण होतात, म्हणजे लाळ-खुरकुताची पहिली मात्रा त्यानंतर. समजा ती १४ जुलैला दिली. मग दुसरी १० ऑगस्टला नव्हे, तर १४ ऑगस्टला, कारण अंतर मात्रेपासून मात्रेपर्यंत मोजायचे. त्यापुढची १४ फेब्रुवारी २०२६ च्या सुमारास. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून ही लस सहा महिन्यांच्या फेऱ्यांनी मोफत दिली जाते, त्यामुळे फेरीची तारीख आणि कालवडीची तारीख थोडी पुढेमागे होऊ शकते. तक्त्यात ‘प्रत्यक्ष दिल्याची तारीख’ आणि ‘पुढची तारीख’ असे दोन रकाने असले की हा गोंधळ राहत नाही. शेजारी कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहावा. गोठ्यात दोन तांबड्या गाई असल्या की ‘तांबडी’ ही नोंद कुणाच्याच उपयोगाची नसते.

याच कालवडीची दुसरी लस ब्रुसेलोसिसची, आणि सगळ्या तक्त्यात मराठी करताना सर्वांत जपायची ओळ हीच. मूळ मजकूर सांगतो: वय चार ते आठ महिने, फक्त मादी वासरे, आयुष्यात एकदा. ‘चार ते आठ महिन्यांच्या वासरांना एकदा’ असे मराठी केले तर गोऱ्हेही त्यात आले. मराठीत ‘वासरू’ या शब्दाला नर-मादी नाही, तेव्हा इथे ‘कालवडी’ असेच लिहायला हवे. म्हशी असतील तर ‘पारड्या’ किंवा त्या भागात चालत असेल तर ‘वगारी’. ‘गोऱ्हा व नर रेडकू यांना ही लस देऊ नये’ हे वेगळे वाक्य घालावे, कारण वर्ज्य काय हे वाचणाऱ्याने स्वतः ताडायचे असे कागदावर असू नये.

रोगाच्या नावातही इथे एक धोका आहे. ब्रुसेलोसिसला मराठी पुस्तकांत सांसर्गिक गर्भपात म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण बोलताना लसीचे नाव ‘गर्भपाताची लस’ होते. मग ज्याची गाय सातव्या महिन्यात गाभ टाकते, तो ती लस गाभण गाईसाठी मागतो. आपल्याकडे दीर्घकाळ वापरात असलेल्या या लसीत, म्हणजे स्ट्रेन १९ मध्ये, ब्रुसेलाचे जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. गाभण जनावराला ती दिली तर तिच्यामुळेच गाभ पडू शकतो. ज्याच्यापासून वाचायचे तेच ओढवून घेण्यासारखे ते आहे. म्हणून कागदावर नाव ‘ब्रुसेलोसिस (सांसर्गिक गर्भपात) प्रतिबंधक लस’ असावे आणि लगेच खाली ‘गाभण जनावराला कधीही देऊ नये’. हेच जंतू माणसालाही बाधतात. टोचताना सुई हाताला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तरी लांबणारा ताप येऊ शकतो. टोचणारे हातमोजे आणि चष्मा घालतात ते यासाठी. कालवड धरणाऱ्या घरच्या माणसालाही हे माहीत हवे, पण इंग्रजी कागदावर ही सूचना फक्त टोचणाऱ्यासाठी असते.

आठ महिन्यांची वरची मर्यादा कशासाठी, हे शेतकरी हमखास विचारतात. मोठ्या वयात ही लस दिली तर तिची प्रतिकारद्रव्ये रक्तात फार काळ राहतात. पुढे रक्त तपासले तर ती लसीमुळे आहेत की खऱ्या रोगामुळे, हे सांगणे अवघड होते. निरोगी गाय रोगी ठरू शकते. हे कारण एका ओळीत तक्त्याखाली दिले तर ‘नवव्या महिन्यात दिली तर काय बिघडते’ हा प्रश्न मिटतो. आपल्या कालवडीसाठी ही मुदत १० जुलै ते १० नोव्हेंबर २०२५ अशी तारखांनीच लिहावी. ‘चार ते आठ महिने’ वाचून मनातल्या मनात हिशेब करण्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहता येईल असा मजकूर जास्त उपयोगी पडतो.

घटसर्प आणि फऱ्या यांची लस सहा महिने पूर्ण झाल्यावर आणि पुढे दरवर्षी, जिथे हे रोग पुन्हा पुन्हा येतात तिथे. फऱ्याला काही भागांत एकटांग्या म्हणतात, तेव्हा दोन्ही नावे द्यावीत. घटसर्पाच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते. माणसांच्या डिप्थीरियालाही मराठीत घटसर्पच म्हणतात, आणि हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. घरात लहान मुलाचे लसीकरण कार्ड आणि गोठ्याचा तक्ता एकाच खिळ्याला अडकवलेले असतात. त्यामुळे ‘जनावरांचा घटसर्प’ असे एकदा तरी लिहिलेले बरे. वेळेबद्दल मूळ मजकूर ‘पावसाळ्यापूर्वी’ म्हणतो. ते तसेच लिहिले तर पहिला पाऊस पडल्यावर दवाखान्यात गर्दी होते. लसीचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून ‘मे महिन्यात, मृग लागायच्या पुरेसे आधी’ असे लिहावे. आता आपल्या कालवडीचे सहा महिने १० सप्टेंबरला पूर्ण होतात, पाऊस सरत आलेला असताना. तेव्हा लगेच टोचावे की येत्या मे महिन्यापर्यंत थांबावे, हे त्या गावातल्या रोगाच्या इतिहासावर ठरते. ते अनुवाद करणाऱ्याने आपल्या मनाने ठरवू नये. तिथे ‘डॉक्टरांनी दिलेली तारीख’ असा मोकळा रकाना ठेवावा. फाशी, म्हणजे काळपुळी, हिच्या लसीचेही तसेच. ती सगळीकडे देत नाहीत. ‘प्रादुर्भावग्रस्त क्षेत्रात’ असे छापले तर आपले गाव त्यात येते का, हे शेतकऱ्याला कळायचे कसे? कागद वाटण्याआधी दवाखान्याने ‘आपल्या तालुक्यात लागू: होय / नाही’ यातले एक खोडून द्यावे.

थायलेरियाची लस फक्त संकरित व विदेशी गाईंना, तीन महिने पूर्ण झाल्यावर, आयुष्यात एकदा. खिल्लार किंवा देवणीच्या गोठ्यात हा रकाना ठेवूच नये.

आता दुधाकडे वळू. शेतकऱ्याच्या मनात लस आणि औषध यांची एकच ‘सुई’ असते. त्यामुळे चुका दोन्ही बाजूंनी होतात. कोणी लस टोचल्यावर घाबरून आठवडाभर दूध ओतून देतो आणि पुढच्या फेरीला लसच नको म्हणतो. कोणी कासदाहाच्या इंजेक्शननंतर त्याच संध्याकाळी डेअरीला दूध घालतो. लाळ-खुरकुताच्या लसीने दुधात प्रतिजैविकाचा अंश उतरत नाही. लसीच्या पत्रकावर दुधासाठीचा काळ ‘शून्य दिवस’ असा छापलेला असेल तर त्याचे मराठी ‘शून्य दिवस’ न करता ‘लस टोचल्याच्या दिवसाचे दूधही वापरता येते’ असे करावे. त्याला जोडून आणखी एक वाक्य हवे: ‘दोन-चार दिवस दूध थोडे कमी येऊ शकते, ते पुन्हा भरून येते.’ हे आधी सांगितलेले नसले की लिटरभर घट दिसताच लसीला दोष लागतो. मात्र लसीनंतर ताप आला आणि डॉक्टरांनी तापाचे इंजेक्शन दिले, तर त्या इंजेक्शनचा स्वतःचा वेगळा काळ असतो. मेलॉक्सिकॅमचेच पाहा. युरोपात गाईसाठी मान्य असलेल्या त्याच्या पत्रकावर दुधासाठी पाच दिवसांचा काळ आहे. लसीचा शून्य आणि तापाच्या औषधाचे पाच, ही दोन वाक्ये कागदावर शेजारी शेजारी हवीत.

औषधानंतर दूध न वापरण्याच्या या काळाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे शब्दशः मराठी ‘माघार काळ’ असे काहीतरी होते. त्यातून कोणी माघार घ्यायची, कशातून घ्यायची, काही कळत नाही. ‘दूध बंदचा काळ’ हा सुटसुटीत वाटतो, पण तो सर्वांत घातक. ‘दूध बंद करा’ म्हणजे धार काढणे बंद करा, असा त्याचा सरळ अर्थ होतो, आणि गाय आटवताना आपण नेमके तेच करतो. कासदाह झालेल्या गाईची धार थांबवली तर सडात साचलेल्या दुधात जंतू वाढतात, कास आणखी कडक होते, सड कायमचा जातो. म्हणून इथे नाम शोधत बसू नये, सरळ क्रियापदे वापरावीत: ‘दोन्ही वेळची धार नेहमीप्रमाणे काढत राहा. ते दूध मात्र वापरू नका.’

‘वापरू नका’ हेही अपुरेच आहे. मूळ वाक्य म्हणते, मानवी सेवनासाठी नाही. शेतकरी ते ‘डेअरीला घालू नका’ असे ऐकतो आणि टाकून देण्यापेक्षा घरात ठेवतो. एरवी विकायला जाणारे चांगले दूध पोरांना मिळाले तर बरेच, असे त्याला वाटते. तेव्हा मराठीत सगळी दारे एकेक करून बंद करावी लागतात: डेअरीला घालू नका, रतिबाला देऊ नका, घरी पिऊ नका, दही, ताक, तूप, खवा करू नका. आणि ‘उकळले तरी चालत नाही’ हेही लिहावे, कारण उकळल्याने दूध निर्धोक होते ही आपली जुनी समजूत जंतूंच्या बाबतीत खरी आहे, औषधाच्या बाबतीत नाही. पेनिसिलिनसारखे औषध घरच्या उकळीने पुरेसे नष्ट होत नाही. वासरालाही हे दूध पाजू नये, त्याच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू त्यावर पोसले जातात.

घोटाळ्याची आणखी एक जागा. औषध एका सडात सोडले की बाकीच्या तीन सडांचे दूध चांगले, असे बहुतेकांना वाटते, आणि डोळ्यांनाही ते तसेच दिसते, कारण गाठी एकाच सडातून येत असतात. पण सडात सोडलेले औषध रक्तात शिरून उरलेल्या भागांतही उतरते. इंग्रजी पत्रक ‘उपचार केलेल्या जनावराचे दूध’ म्हणते, त्यातच हे येते. मराठीत ते उघड करून ‘चारही सडांचे दूध’ असे लिहिल्याशिवाय ते पोचत नाही.

आता वेळ. समजा एका गाईला कासदाह झाला. तिची धार पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला निघते. डॉक्टरांनी सोमवार, मंगळवार आणि बुधवार असे तीन दिवस सकाळी नऊ वाजता इंजेक्शन दिले. औषधाच्या पत्रकावर लिहिले आहे: शेवटच्या मात्रेनंतर ९६ तास. अनुवादकाला ‘चार दिवस’ लिहायचा मोह होतो. पण आपली दिवस मोजायची रीत सुरुवातीचा दिवस धरून असते. बारसे बाराव्या दिवशी होते ते जन्माचा दिवस पहिला धरून, आणि ‘आठ दिवसांनी या’ म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच वारी, म्हणजे खरे तर सातच दिवसांनी. या रीतीने बुध, गुरू, शुक्र, शनी असे चार दिवस होतात आणि रविवारी पहाटेचे दूध डेअरीला जाते. तासांनी मोजले तर बुधवारी सकाळी नऊपासून ९६ तास रविवारी सकाळी नऊला पुरे होतात. पहाटे साडेपाचची धार साडेब्याण्णव तासांची, म्हणजे अजून आतच. ती ओतून द्यायची. डेअरीला चालणारी पहिली धार रविवारी संध्याकाळची. एका धारेचा फरक आहे, पण डेअरीच्या तपासणीत दूध नापास व्हायला एक धार पुरते.

काही जण तास पहिल्या इंजेक्शनपासून मोजतात आणि शुक्रवारीच दूध सुरू करतात. ही चूक जास्त मोठी आणि जास्त नेहमीची. म्हणून ‘शेवटच्या’ हा शब्द ठळक असावा, आणि पुढे लिहावे: ‘गुरुवारी आणखी एक इंजेक्शन दिले तर मोजणी गुरुवारपासून पुन्हा सुरू.’ दोन औषधे दिली असतील तर प्रत्येकाचा काळ वेगळा मोजायचा आणि जो उशिरा संपतो तो धरायचा. काही पत्रकांत तासांऐवजी धारांची संख्या दिलेली असते. ती दिवसाला दोन धारा गृहीत धरून असते. गाय तीन वेळा पिळली जात असेल तर संख्या लवकर भरते, पण तास भरत नाहीत. अशा वेळी तासच धरावेत. या सगळ्यातून शेतकऱ्याला सोडवायचा उपाय साधा आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर शेवटी एक ओळ भरायची: ‘या गाईचे दूध रविवार, संध्याकाळच्या धारेपासून घाला.’ वार आणि वेळ. ‘परवापासून’ असे कधीही लिहू नये. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी वाचली की परवा बदलतो.

या गाईची सोमवारी संध्याकाळपासून रविवारी पहाटेपर्यंत बारा धारांची फेक होते. दिवसाला १४ लिटर देणारी गाय असेल तर ८४ लिटर, आणि लिटरला ३५ रुपये धरले तर २,९४० रुपये. आजारात दूध आटते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. छोट्या गोठ्याला हे नुकसान लहान नाही, आणि नुसती मनाई लिहून ते सोसले जाणार नाही. तेवढ्याच ठोसपणे कारणही द्यायला हवे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दुधात पेनिसिलिनची कमाल मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम आहे. समजा एका धारेतून २० मिलिग्रॅम औषध बाहेर पडले, म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. ते मर्यादेपर्यंत पातळ व्हायला सुमारे ५,००० लिटर स्वच्छ दूध लागेल. संकलन केंद्रावरच्या चाळीस लिटरच्या कॅनचे तर सोडाच, ती एक धार अख्खा टँकर नापास करू शकते. सगळ्या गावाचे दूध त्यात असते. ‘एवढ्या दुधात माझे सात लिटर काय करतील’ या प्रश्नाला हा हिशेब पुरेसा आहे.

घरी ओळखायचे कसे, असेही विचारले जाते. विरजण लागले नाही तर संशय घ्यावा, हे खरे आहे. दही लावणाऱ्या जंतूंना पेनिसिलिनची थोडी मात्राही सोसत नाही. पण दही लागले म्हणजे दूध शुद्ध, असा उलटा निष्कर्ष काढू नये. काही औषधे मर्यादेपेक्षा जास्त असूनही विरजणाला अडवत नाहीत. रंग, वास, चव यांवरून तर काहीच कळत नाही. शेवटी भरवसा मोजलेल्या तासांवरच ठेवावा लागतो. उपचार चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल फीत बांधावी, तिची धार सगळ्यांत शेवटी आणि वेगळ्या भांड्यात काढावी. यंत्राने धार काढत असाल तर ती शेवटी काढणे आणखी गरजेचे, नाही तर नळीत राहिलेले दूध पुढच्या गाईच्या दुधात जाते.

पत्रकावर दुधासाठी कोणताच काळ छापलेला नसेल तर? त्याचा अर्थ ‘काळ नाही’ असा घेतला जातो, आणि तो चूक आहे. औषधांच्या लेबलबाबतच्या भारतीय नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, एखाद्या औषधाचा काळ अभ्यासाने ठरवलेला नसेल तर दुधासाठी तो किमान सात दिवस धरायचा असतो. कोरी जागा म्हणजे सात दिवस, तेही शेवटच्या मात्रेपासून, तासांत १६८. मात्रा पत्रकापेक्षा जास्त दिली, किंवा सडात सोडायची ट्यूब आणि इंजेक्शन दोन्ही दिले, तर छापलेला आकडा लागू राहत नाही, कारण तो ठरलेल्या मात्रेवरच मोजलेला असतो. तेव्हा नवा आकडा डॉक्टरांनीच लिहून द्यायचा.

सर्वांत गुंतागुंतीचे वाक्य आटवलेल्या गाईचे. ते मराठीत करताना पहिला अडथळा ‘भाकड’ या शब्दाचा. दूध न देणारी ती भाकड, मग ती गाभण असो वा नसो. इथे अभिप्रेत असते ती विण्याआधी मुद्दाम दूध थांबवलेली गाभण गाय. तिला ‘आटवलेली’च म्हणावे. आटवताना शेवटची धार काढून चारही सडांत जे औषध सोडतात ते मुद्दाम आठवडेच्या आठवडे टिकेल असे बनवलेले असते. त्यामुळे त्याच्या पत्रकात दोन अटी एकमेकींत अडकवलेल्या असतात. समजा अट अशी आहे: औषध सोडल्यापासून किमान ४२ दिवस, आणि व्याल्यानंतर ९६ तास. गाय १ जानेवारीला आटवली आणि वेळेवर, १ मार्चला व्याली. तर ४२ दिवस कधीच सरलेले आहेत. व्याल्याच्या तासापासून ९६ तास मोजायचे, आणि चीकही तोवर संपलेला असतो.

पण तीच गाय लवकर, २५ जानेवारीला व्याली तर? चार दिवस झाले, चीक संपला, आता दूध घालायला हरकत नाही, असेच कोणीही म्हणेल. पत्रकाचा अर्थ मात्र असा असतो की मोजणी व्याल्यापासून नव्हे, तर औषध सोडल्यापासून: ४२ दिवस आणि वर ९६ तास. १ जानेवारीपासून ४२ दिवस म्हणजे १२ फेब्रुवारी, त्यावर चार दिवस म्हणजे १६ फेब्रुवारी. मराठी कागदावर हे एका वाक्यात बसवू नये, दोन प्रसंग वेगळे लिहावेत: ‘गाय ४२ दिवसांनंतर व्याली तर…’ आणि ‘गाय ४२ दिवसांच्या आत व्याली तर…’. आणि आकडे ज्या औषधाची ट्यूब सोडली त्याच्याच पत्रकावरचे घ्यावेत, कारण ते औषधागणिक बदलतात. रिकामी ट्यूब टाकून न देता तिचे वेष्टण तारखेसह त्या गाईच्या नोंदीला टाचून ठेवले, तर दोन महिन्यांनी मध्यरात्री गाय व्यायली तरी औषध कोणते होते हे शोधावे लागत नाही.